त्याचा शनी माझ्या चंद्रावर आहे, म्हणून तो असा गप्प असतो का?

मृण्मयी_के

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा वाईट नाही हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी 'सोडून दे' वगैरे सल्ला द्यायला नको. कधी आवाज चढवत नाही, पैशाचं, घराचं सगळं चोख. पण मी रडायला लागले की तो उठतो आणि काहीतरी दुरुस्त करायला घेतो. खरंच. परवा मी बेडवर बसून रडत होते आणि तो गॅलरीच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होता, दार दोनदा उघडून बंद करून बघितलं, आता आवाज येत नाही म्हणाला आणि हात धुवायला गेला. गेल्या वर्षी बाबा आजारी होते तेव्हा सगळ्या रिपोर्ट्सची फाईल त्याने तारखेप्रमाणे लावली, रात्री तिथे झोपायला गेला, पण मला एकदाही विचारलं नाही की तू कशी आहेस.

एका ज्योतिषांकडे दोन्ही पत्रिका दाखवल्या तर ते म्हणाले की मिस्टरांचा शनी तुमच्या चंद्रावर बसलाय, तुम्हाला कर्तव्य मिळेल, प्रेम मिळणार नाही. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. घरी येऊन स्वतः बघितलं तर अजून गोंधळ झाला. माझा चंद्र एका ॲपमध्ये धनु १७ अंश दाखवतो. नवऱ्याची पत्रिका मी दुसऱ्या एका साइटवर काढली, तिथे शनी मकर १३ अंश आहे. मग युती कुठे झाली? रासच वेगळी, आणि अंतरही २६ अंशांचं. ज्योतिष चुकले की मी? दोघंही १९८९चे, तो मार्चचा, मी नोव्हेंबरच्या सुरुवातीची.

साधी_सुमन

अगं माझं पण सेम. मेष रास आहे आणि २९ मार्च २०२५ला शनी मीनेत आल्यापासून घरात नुसती कुरकुर. नवरा बोलतच नाही सरळ. साडेसाती आहे, सहन करायचं, निघून जाईल. तुझी धनु म्हणजे तुला साडेसाती नाही पण चौथा शनी आहे, पनवती म्हणतात ती. शनी पुढे गेला की बोलायला लागेल बघ.

भृगुपुत्र

ज्योतिष बरोबर आहेत. शनी-चंद्र युती म्हणजे विषयोग. चंद्र म्हणजे मन, शनी म्हणजे थंडी, कोरडेपणा, उशीर. नवऱ्याच्या शनीने तुमचं मन गोठवलंय. यात सुख अल्प. लग्नाआधी बघायला हवं होतं. गुणमिलन चंद्राच्या नक्षत्रावरून होतं त्यामुळे शनी त्यात येतच नाही आणि मग असं होतं. शनीची उपासना करा, दोघांनी.

अंशतः

मृण्मयी, आधी तुमचा गोंधळ सोडवतो, बाकीचं नंतर. तुम्ही चुकलात आणि ज्योतिष बरोबर आहेत, पण तेवढ्यापुरतेच. ॲपने तुम्हाला निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजलेला, चंद्र दिला आणि साइटने सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेला, शनी दिला. दोन्हींमध्ये अयनांशाचा फरक असतो, तुमच्या जन्मवर्षी तो साधारण २३ अंश ४३ कला होता. मकर १३मधून तेवढे वजा केले की धनु १९ येतो. म्हणजे तुमचा चंद्र धनु १७, त्यांचा शनी धनु १९, फरक दोन अंश. युती आहे आणि चांगली घट्ट आहे. सायन वापरा किंवा निरयन वापरा, दोन ग्रहांतलं अंतर तेच राहतं, फक्त दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीच्या पाहिजेत. ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की कोणी पत्रिका पाठवली की आधी विचारतो, कुठून काढली. २४ अंशांच्या आसपास अंतर दिसलं की शंका घ्यायचीच.

साडेसातीबद्दल, सुमनताई, तुम्ही म्हणताय तो आजचा आकाशातला शनी, गोचर. मृण्मयी विचारतायत तो नवऱ्याच्या जन्मवेळचा शनी. तो कुठे जात नाही, आणि 'शनी पुढे गेला की' हे त्याला लागू होत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही नवऱ्याचा शनी बघितलात. तुमचा स्वतःचा शनी कुठे आहे ते बघितलंत का?

मृण्मयी_के

धन्यवाद! म्हणजे मी वेड्यासारखी दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजत होते. माझा शनी ॲपमध्ये धनु १६ दाखवतोय. याचा काय संबंध? प्रश्न त्याच्या शनीचा आहे ना?

अंशतः

संबंध सगळाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शनीला राशिचक्राची एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे सरासरी वर्षाला १२ अंश, आणि त्यातही दरवर्षी साडेचार महिने तो वक्री असतो. १९८९मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत तो निरयन धनुत साधारण १४ ते २० अंशांमध्येच मागेपुढे करत होता. म्हणजे तुमचे मिस्टर मार्चचे, तुम्ही नोव्हेंबरच्या, आठ महिन्यांचं अंतर आहे तरी दोघांचे शनी तीन अंशांच्या आत. मग तुमचा चंद्र जर त्यांच्या शनीवर असेल तर तो तुमच्या स्वतःच्या शनीवर असणारच, नाही का? १७वर चंद्र, १६वर तुमचा शनी, १९वर त्यांचा. उलट तुमचाच शनी जास्त जवळ आहे, एका अंशावर.

म्हणजे ज्योतिषांनी 'नवऱ्याचा शनी तुमच्या चंद्रावर' म्हणून जे सांगितलं ते तुम्ही जन्माला आलात तेव्हापासून तुमच्या पत्रिकेत आहे, नवरा आयुष्यात यायच्या कितीतरी आधीपासून. एकाच वयाच्या जोडप्यांमध्ये शनी-चंद्र दिसला की मी आधी चंद्र असलेल्या माणसाची पत्रिका एकटी वाचतो. नाहीतर काय होतं, माणूस लहानपणापासून जे घेऊन आलाय त्याचं बिल जोडीदाराच्या नावावर फाडलं जातं.

म्हणून विचारतो, उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. लहानपणी रडलात तर घरात काय व्हायचं?

गणिती

मी या विषयावर विश्वास ठेवणारा नाही पण आकडेमोड आवडते म्हणून वाचत असतो. एक साधा हिशेब. राशीने बघितलं तर शनी आपल्या राशीत, आणि तिथून तिसऱ्या, सातव्या, दहाव्या राशीवर दृष्टी टाकतो, म्हणजे बारापैकी चार राशी. चंद्र त्या चारपैकी एकीत असण्याची शक्यता एक तृतीयांश. आणि दोन्ही बाजूंनी बघितलं, हिचा चंद्र त्याचा शनी किंवा त्याचा चंद्र हिचा शनी, तर निम्म्याहून जास्त जोडप्यांमध्ये काहीतरी सापडतं, साधारण ५६ टक्के. मग निम्म्या जोडप्यांना प्रेम मिळणार नाही?

दुसरं, अंशतः यांनीच सांगितलं की त्या वर्षी शनी सहा अंशांत घुटमळत होता. म्हणजे मृण्मयींच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचा शनी त्यांच्या चंद्रावर आहे. तो नवऱ्याचा विशेष गुण कसा?

अंशतः

गणिती, दोन्ही हरकती रास्त आहेत आणि पहिलीसाठीच मी राशीने बघत नाही. जोडप्यासाठी दीप्तांश, म्हणजे योग धरायची अंशांची सूट, तीनच धरतो. युती, समोरासमोरचा प्रतियोग आणि ९० अंशांचे दोन केंद्रयोग, प्रत्येकाला दोन्हीकडून तीन अंश, म्हणजे ३६०पैकी २४ अंश. दोन्ही दिशांनी मिळून तेरा टक्क्यांच्या आसपास, आठ जोडप्यांत एक. तरीही दुर्मीळ नाहीच. त्यामुळे कोणी 'अत्यंत भयंकर योग' म्हणालं की समजावं त्याने मोजलेलं नाही.

दुसरी हरकत तर माझाच मुद्दा आहे. वर्गातल्या सगळ्यांचा शनी तिच्या चंद्रावर आहे, म्हणूनच तो नवऱ्याचा विशेष गुण नाही, तिची सवय आहे. समवयस्क माणसांमध्ये तिला सगळीकडे तेच जाणवत असणार, आपलं मन कोणी विचारत नाही असं.

नीलाक्षी

मध्येच बोलते. मला वाटतं इथे शनीला उगाच खलनायक केलाय. आमच्यात पण हीच युती आहे, माझा चंद्र त्याच्या शनीपासून एक अंशावर. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत चंद्र आणि शनी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मी आत्ताच बघितलं.

आणि मला कधीच थंड वाटलं नाही. मला वाटतं की कोणीतरी खाली जमीन धरून ठेवलीय. मागे मला पाच दिवस ताप होता, तो जवळ बसून काही गोड बोलला नाही, पण मोबाईलमध्ये दर चार तासांचा अलार्म, रात्री दोनलाही उठून थर्मामीटर, आणि एका जुन्या वहीत वेळ आणि ताप लिहून ठेवायचा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वही पुढे केली. ती वही मी अजून ठेवलीय. मी आयुष्यभर बडबडणाऱ्या, क्षणात चिडणाऱ्या, क्षणात मिठी मारणाऱ्या माणसांत वाढले, उद्या कोण कोणत्या मूडमध्ये असेल हे कधी कळायचंच नाही, आणि मग हा माणूस मिळाला जो काल होता तसाच आज असतो. मला तर तेव्हा पहिल्यांदा शांत झोप लागली.

भृगुपुत्र

एका उदाहरणाने नियम बदलत नाही. विषयोगाला विषयोग का म्हणतात याचा विचार करावा.

अंशतः

भृगुपुत्र, विषयोग हा एका माणसाच्या पत्रिकेतल्या शनी-चंद्र युतीला म्हणतात. दोन पत्रिका एकमेकींवर ठेवून होणाऱ्या युतीला ते नाव लावलं की सगळा अर्थ सरकतो. तुम्ही सांगितलेलं चंद्र मन, शनी कोरडेपणा, उशीर हे बरोबर आहे. पण शनी म्हणजे टिकाऊपणाही आहे, आणि दुसऱ्याच्या मनावर तो काय म्हणून येतो ते त्या मनाला आधी काय माहीत आहे यावर ठरतं.

नीलाक्षीने जे लिहिलंय ते याच्यासाठी फार उपयोगाचं आहे. तिच्या चंद्राला स्वतःचा शनी लागलेला नाही, म्हणजे त्या मनाला कडा नव्हत्या, जोडीदाराच्या शनीने त्या दिल्या, म्हणून तिला ती जमीन वाटली. मृण्मयीच्या चंद्राला जन्मतःच कडा आहेत, कदाचित भिंतीसुद्धा, आणि त्यावर नवऱ्याच्या शनीने दुसरी भिंत बांधली. ग्रह तेच, अंतर जवळजवळ तेच, अनुभव उलटा.

यात वयातलं अंतर बघणं सोपी खूण आहे. जोडीदार वर्षभराच्या आतबाहेर असेल तर त्याचा शनी म्हणजे जवळपास तुमचाच. सात-साडेसात वर्षांचं अंतर असेल तर दोघांचे शनी केंद्रयोगात, म्हणजे त्याचा शनी तुमच्या चंद्रावर असेल तर तुमचा शनी तुमच्याच चंद्राशी केंद्रात येतो. चौदा-पंधरा वर्षं असतील तर समोरासमोर. तिन्ही वेळा आधी स्वतःची पत्रिका. तीन-चार वर्षांचं अंतर असेल तेव्हा मात्र जे जाणवतं ते बरंचसं खरंच त्या माणसाकडून आलेलं असतं. शनी वक्री-मार्गी होत असल्यामुळे वर्षांचा हा हिशेब अदमासाचा आहे, शेवटी अंशच मोजायचे.

मृण्मयी_के

कालपासून उत्तर लिहीन लिहीन म्हणतेय. अंशतः, तुम्ही विचारलंत लहानपणी रडले तर काय व्हायचं.

आई चिडायची नाही. ती म्हणायची, झालं का रडून? झालं की ये. आणि आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची, पूर्ण लावायची नाही, लोटायची. मी आत बसायचे, संपलं की तोंड धुवून बाहेर यायचे आणि ती मग काहीच झालं नाही अशा आवाजात अभ्यासाचं विचारायची. तिला नोकरी होती, आजी अंथरुणावर होती, तिला वेळच नसायचा, मी तिला दोष देत नाही. पण मला आत्ता लिहिताना कळतंय की बिजागरीचा आवाज म्हणजे... जाऊ दे. मी खूप वेळ त्या दाराकडे बघत बसले होते परवा.

आणि अजून एक. मी नवऱ्याला कधी सांगितलंच नाहीये की मी रडत असताना थांब म्हणून. मला वाटायचं हे सांगून मिळालं तर त्याला काय अर्थ.

साधी_सुमन

वाचून डोळ्यात पाणी आलं गं. माझी आई पण तशीच. माझा स्वतःचा शनी कुठे आहे ते बघायला लावलंस तू मला.

वाटसरू_८१

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे माझा शनी बायकोच्या चंद्रावर, एक-दीड अंश. इथे सगळे चंद्रवाल्याचं लिहितायत, शनीवाल्याला काय होतं ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

ती रडायला लागली की मला थंड वाटत नाही, मला भीती वाटते. छातीत काहीतरी घट्ट होतं. असं वाटतं की आता माझी परीक्षा आहे आणि मला उत्तर येत नाहीये, आणि मी चुकीचं काही बोललो तर कायमचं बिघडेल. मग हाताला जे सुधारता येतं ते मी सुधारतो. बिजागरी वाचून मी दोन मिनिटं थांबलो, कारण मी नळाचे वॉशर बदललेत अशा वेळी. ते 'मला तुझं काही पडलेलं नाही' नव्हतं, ते 'निदान एवढं तरी माझ्या हातून नीट होऊ दे' होतं. बाकी लोकांच्या रडण्याने मला एवढं होत नाही, मित्र रडला तर मी बसतो त्याच्याजवळ. हिच्याच रडण्याने होतं.

आमच्यात थोडं सुटलं ते तिने एकदा स्पष्ट सांगितल्यावर. म्हणाली, तुला काही बोलायचं नाहीये, फक्त इथे पाठीला पाठ लावून बस, दहा मिनिटं. काम दिलं तिने मला! दहा मिनिटं हे मला जमलं. पहिल्यांदा मी खरंच घड्याळ बघत होतो. आता नाही बघत.

अंशतः

वाटसरू, हे लिहिल्याबद्दल आभार, हे पुस्तकी वाचून कोणाला कळत नाही. शनी ज्याचा, त्याची त्या ठिकाणी जुनी भीती असते, आणि चंद्र बरोबर तिथेच बोट ठेवतो. म्हणून मित्राच्या रडण्याने नाही होत आणि बायकोच्या होतं. बाहेरून जो कोरडेपणा दिसतो तो पुष्कळदा आवळलेपणा असतो.

पण एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाहीतर या धाग्यावरून कोणीतरी चुकीचं घेऊन जाईल. शनीवाला प्रत्येक जण आतून घाबरलेला आणि प्रेमळच असतो असं नाही. ओळखायची माझी पद्धत अशी की चंद्रवाल्याचं मन लहान होत चाललंय की नाही ते बघायचं. नीलाक्षीची झोप वाढली. समजा एखादी बाई दोन वर्षांत मैत्रिणींशी बोलायची थांबली, रडण्याबद्दल माफी मागायला लागली, हसतानाही त्याच्याकडे बघून मग हसते, तर तिथे शनी आधार नाही, पहारा आहे. त्यावर उपासना किंवा समजूतदारपणा हे उत्तर नाही, आणि पत्रिका तर अजिबातच नाही, तिथे माणसांची मदत लागते.

नीलाक्षी

हे फार गरजेचं होतं. सुरक्षित वाटणं आणि कोंडल्यासारखं वाटणं यात सुरुवातीला फरक कळत नाही कधीकधी, दोन्हीकडे दार बंदच असतं.

गणिती

प्रामाणिकपणे सांगतो, वाटसरूंचं वाचून मलाही आमच्या घरातलं आठवलं, आणि आमच्यात ही युती नाही, मी काल बघितलं, दोन्ही दिशांनी काहीच नाही. म्हणूनच माझा प्रश्न उरतो. युती नसलेल्या घरातही माणसं बिजागऱ्यांना तेल घालतात. मानसशास्त्रज्ञ युंगने १९५२ साली विवाहित जोडप्यांच्या पत्रिकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात ४८३ जोडपी होती. आधीच्या गटात सूर्य-चंद्र युती ठळक दिसली, पुढच्या गटांत दुसरंच काही वर आलं आणि सगळी जोडपी एकत्र केल्यावर परिणाम विरून गेला. आणि त्यात तपासले होते सूर्य, चंद्र, मंगळ, शुक्र आणि लग्न-सप्तम. शनी घेतलाच नव्हता. म्हणजे शनी-चंद्राच्या बाजूने त्यातून काही निघत नाही आणि विरुद्धही नाही. मग तुम्ही हे कशावरून म्हणता?

अंशतः

बरोबर आहे, आकड्यांचा पुरावा माझ्याकडे नाही आणि आहे असं मी म्हणणार नाही. मी वीसेक वर्षं पत्रिका बघतोय, माझ्याकडे येतात ती माणसं आधीच काहीतरी खुपतंय म्हणून येतात, सुखी शनी-चंद्रवाले येतच नाहीत, त्यामुळे माझा अनुभवही एका बाजूला कललेला असणार. युती नसलेल्या घरात बिजागरी का, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की युती असली तर प्रश्न कुठे विचारायचा ते मला लवकर सापडतं. मृण्मयीला मी आईबद्दल विचारलं ते तिच्या चंद्रावर तिचा शनी दिसला म्हणून.

गणिती

प्रश्न चांगला होता हे मान्य. पण तो प्रश्न कोणालाही विचारला असता तरी बऱ्याच जणांकडे काहीतरी उत्तर निघालं असतं. इथे आपलं जमणार नाही, पण वाद घालायला आवडलं.

भृगुपुत्र

एक विचारतो, टोमणा नाही. मृण्मयींच्या नवऱ्याच्या चंद्राचं काय? एकतर्फी बघून चालत नाही.

अंशतः

चांगलं विचारलंत, मीच आधी विचारायला हवं होतं. मृण्मयी, त्यांचा चंद्र सांगाल का? तुमच्या शनीचा त्याच्याशी संबंध असेल तर दोघंही एकमेकांच्या मनावर बसलेले असतात आणि मग कथा वेगळी, कारण दोघंही एकमेकांना थंड म्हणतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

मृण्मयी_के

या वेळी त्याच ॲपमधून काढला :) सिंह ५ अंश.

अंशतः

मग नाही. तुमच्या धनु १६च्या शनीपासून १३१ अंशांवर, नवपंचमाच्या १२० अंशांपेक्षा ११ जास्त. अंशात्मक काही नाही, दृष्टीही नाही, धनुतला शनी कुंभ, मिथुन आणि कन्येकडे बघतो. म्हणजे त्यांना तुमच्याकडून हा आवळलेपणा बहुतेक जाणवत नसावा. तुम्ही बंद झालात तरी त्यांना ते कळत नसेल, असंही होऊ शकतं. त्यांना वाटत असेल सगळं ठीक चाललंय.

आणि एक राहिलं. तुमचा त्रास गेल्या वर्षी वाढलाय, बरोबर ना? दोन पत्रिकांमधली युती लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तीच आहे, ती गेल्या वर्षी घट्ट झाली नाही. त्यामुळे नवीन दुखण्याचं कारण तिच्यात शोधू नका. सुमनताईंचा चौथ्या शनीचा मुद्दा तिथे मात्र लागू पडतो, मीनेतला शनी धनुच्या चंद्राकडे दहाव्या दृष्टीने बघतोय. आणि पत्रिका बाजूला ठेवली तरी वडील आजारी होते, तेच पुरेसं कारण आहे. मी आधी सुमनताईंना जरा घाईने खोडलं.

साधी_सुमन

अहो काही नाही, मी पण धागा नीट वाचला नव्हता.

मृण्मयी_के

दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

वाटसरू, तुमची आयडिया काल वापरली. मी सरळ म्हटलं, मला रडू येतंय, तू काही करू नकोस, इथे बस. तो बसला. जरा वेळाने म्हणाला, किती वेळ? मला एकदम तुमचं घड्याळ आठवलं आणि मी रडता रडता हसले. तो घाबरला की मी का हसतेय. मग मी त्याला आईचं ते लोटलेलं दार सांगितलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो काही बोलला नाही. पण झोपताना त्याने खोलीचं दार उघडंच ठेवलं, रोज आम्ही बंद करतो.

दुसरं, आईला फोन करून जन्मवेळ विचारली. माझ्या दाखल्यावर पहाटे पाच आहे. आई म्हणते दोन-तीन वाजले असतील, तिला नीट आठवत नाही, पाच ही वेळ बाबांनी नंतर लिहून दिली होती. आता बाबांना विचारायची सोय राहिली नाही. याने किती फरक पडतो?

अंशतः

वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, आम्हाला माहीत नव्हतं.

चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश चालतो, म्हणजे तासाला साधारण अर्धा अंश. शनी तेवढ्या वेळात हलत नाही म्हटलं तरी चालेल. तीन तास आधीची वेळ धरली तर तुमचा चंद्र १७ऐवजी साडेपंधरावर येतो. मग तो तुमच्या शनीच्या अर्ध्या अंशावर आणि मिस्टरांच्या शनीपासून साडेतीनवर. माझ्या तीन अंशांच्या हिशेबात मग त्यांची युती सुटते आणि तुमची स्वतःची तेवढी उरते. पाच बरोबर असेल तर दोन्ही राहतात. यात मिस्टरांची जन्मवेळ चुकली असली तरी काही बिघडत नाही, शनी त्यांचा आहे, पण चंद्र तुमचा असल्याने तुमची वेळ लागते. आईंना वेळेऐवजी दुसरं काही आठवतंय का ते विचारून बघा, उजाडायला किती वेळ होता, बाहेर पूर्ण काळोख होता का, असं काही.

मृण्मयी_के

विचारते. रविवारी तिच्याकडे जाणारच आहे, तो पण येणार आहे म्हणालाय.